वाक्यदोष, विद्यार्थ्यांच्या परिच्छेदातील

अपूर्ण वाक्य, एकमेकांत शिरलेली वाक्ये आणि समांतर रचनेचा भंग हे तीन दोष मराठी परिच्छेदलेखनात वारंवार आढळतात. प्रस्तुत नोंद हे दोष ओळखण्यापुरती व दुरुस्त करण्यापुरती मर्यादित आहे. उदाहरणे कोल्हापूर परिसरातील शालेय लेखनाच्या धर्तीवर घेतली आहेत.

वाक्य कशाला म्हणावे : दोष ठरवण्याआधी हा प्रश्न सोडवावा लागतो आणि त्यावर एकमत नाही. कात्यायनाच्या ‘एकतिङ् वाक्यम्’ या वार्तिकानुसार जिथे एक आख्यात, म्हणजे एक पूर्ण क्रियापद, तिथे एक वाक्य. मीमांसकांची कसोटी अर्थाची आहे : ज्या पदसमूहाचा अर्थ एक आणि ज्याचे तुकडे केल्यास प्रत्येक तुकडा दुसऱ्याची अपेक्षा करत राहतो, ते एक वाक्य. या अपेक्षेलाच आकांक्षा म्हणतात. मराठीत उद्देश्य, विधेय आणि केवल, मिश्र, संयुक्त ही विभागणी मुख्यतः इंग्रजी व्याकरणाच्या वळणाने रुळली. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथात संस्कृत व इंग्रजी अशा दोन्ही परंपरांचा विचार आढळतो. आख्याताची कसोटी मराठीला तंतोतंत लागू पडत नाही, कारण ‘माझे बाबा शेतकरी.’ हे क्रियापदाविना पूर्ण वाक्य आहे. वर्गात आकांक्षेची कसोटीच अधिक उपयोगी पडते.

विरामचिन्हांचा प्रश्न याला जोडून येतो. मोडी कागदपत्रांत, कोल्हापूरच्या पुरालेखागारातील संस्थानी दप्तरांतही, पूर्णविराम नसतो. शब्दही सुटे न करता एका रेघेखाली ओळीने लिहिलेले असतात. मराठीत आजची विरामचिन्हे रुळवण्याचे श्रेय सामान्यतः मेजर टॉमस कँडी यांना, १९व्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, दिले जाते. हे काम एका व्यक्तीने केले असे मानण्यापेक्षा छपाई आणि शालेय पुस्तके यांच्यासोबत ते स्थिरावले असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. म्हणजे वाक्य कुठे संपते हे बिंदूने दाखवण्याची सवय मराठीला तुलनेने नवी आहे. सातवीतल्या मुलाचा बिंदू चुकतो तेव्हा शिक्षकाने हे जरूर आठवावे.

अपूर्ण वाक्य : ‘-ऊन’, ‘-ताना’, ‘-ल्यावर’, ‘-ल्यानंतर’ हे प्रत्यय लागलेले रूप वाक्य बंद करत नाही. ‘पूर ओसरल्यावर घरी आल्यानंतर.’ एवढ्यावर पूर्णविराम दिला तर पुढे काय झाले ही आकांक्षा उरतेच. ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे परिच्छेद शेवटच्या वाक्यापासून उलट क्रमाने मोठ्याने वाचणे. मागच्या वाक्याचा आधार सुटला की अपुरा तुकडा लगेच कानाला खटकतो.

‘कारण’ने सुरू होणाऱ्या वाक्याबद्दल मतभेद आहे. शालेय व्याकरणात ‘कारण’ हे गौणत्वदर्शक उभयान्वयी अव्यय आणि ‘म्हणून’ हे प्रधानत्वदर्शक, त्यामुळे ‘म्हणून’ने वाक्य सुरू केलेले चालते, ‘कारण’ने केलेले चालत नाही असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात छापील मराठीत दोन्ही सर्रास आढळतात. ‘कारण’च्या पुढे पूर्ण क्रियापद असेल तर त्याला लाल शाई लावू नये, मात्र दोन्ही वाक्ये जोडून दाखवावीत.

एक सावधगिरी स्थानिक आहे. ‘पाऊस पडालाय’, ‘आम्ही घरी जायलोय’ ही कोल्हापुरी रूपे पूर्ण क्रियापदे आहेत. त्यांच्यापुढे प्रमाण रूप लिहून द्यावे, पण त्यांना अपूर्ण वाक्य म्हणणे चूक आहे.

नमुना परिच्छेद : पुराच्या अनुभवावर लिहिलेला पुढील परिच्छेद या नोंदीसाठी रचला आहे.

‘ऑगस्टमध्ये आमच्या गावात पूर आला. कारण चार दिवस पाऊस थांबलाच नव्हता. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या वर गेले, गल्लीत पाणी शिरले बाबांनी म्हैस सोडली, आम्ही काकांच्या घरी गेलो आणि तिथे लाईट नव्हती. पूर ओसरल्यावर घरी आल्यानंतर. सगळ्यांनी मिळून चिखल काढणे, भांडी धुतली आणि धान्य वाळवायला लागलो.’

(४३ फूट ही या बंधाऱ्यावरील पंचगंगेची धोक्याची पातळी. परिच्छेदातला आकडा बरोबर आहे, तो तसाच ठेवावा.)

तिसऱ्या वाक्यात पाच पूर्ण क्रियापदे आहेत : गेले, शिरले, सोडली, गेलो, नव्हती. ‘शिरले’ आणि ‘बाबांनी’ यांच्यामध्ये तर काहीच चिन्ह नाही. अशी वाक्ये शोधताना पूर्ण क्रियापदांखाली रेघ ओढावी आणि दोन रेघांमध्ये अव्यय किंवा पुरेसे विरामचिन्ह आहे का ते पाहावे. स्वल्पविरामाने जोडलेली छोटी, एकाच ओघातली वाक्ये मराठीत खपून जातात. इथे मात्र कर्ते चार आहेत : पाणी, बाबा, आम्ही, लाईट. म्हणून तोडणे भाग आहे.

दुरुस्ती म्हणून मुले बहुधा ‘-ऊन’ वापरतात आणि तिथे नवी चूक होते. ‘बाबांनी म्हैस सोडून आम्ही काकांच्या घरी गेलो’ हे बिघडते, कारण ‘-ऊन’ रूपाचा कर्ता सामान्यतः मुख्य क्रियापदाचाच असावा लागतो. ‘पाऊस पडून चिखल झाला’ असे कार्यकारण असलेले, कोणी मुद्दाम न केलेले प्रसंग याला अपवाद. कर्ते वेगळे असतील तर ‘-ल्यावर’ घ्यावे : ‘बाबांनी म्हैस सोडल्यावर आम्ही काकांच्या घरी गेलो.’

समांतर रचना : शेवटच्या वाक्यात ‘काढणे’, ‘धुतली’, ‘वाळवायला लागलो’ अशी तीन रूपे तीन तऱ्हांची आहेत. पण खरा बिघाड याहून खोल आहे. मराठी भूतकाळात सकर्मक क्रियापदाचा कर्ता ‘-ने’, ‘-नी’ घेतो, अकर्मकाचा घेत नाही. ‘सगळ्यांनी’ हा कर्ता ‘धुतली’ला चालतो, ‘लागलो’ला चालत नाही. ही चूक मुलांच्या लक्षात येत नाही, कारण ‘मी’ आणि ‘आम्ही’ दोन्ही प्रयोगांत तसेच राहतात. ‘मी आंघोळ केली आणि शाळेत गेलो’ निर्दोष आहे. ‘त्याने आंघोळ केली आणि शाळेत गेला’ यात मात्र दुसऱ्या क्रियापदाला ‘तो’ हवा. इथे ‘-ऊन’ नेमके उपयोगी पडते : ‘आंघोळ करून तो शाळेत गेला.’ इंग्रजीवरून उचललेल्या नियमावल्यांत हा मुद्दा येत नाही, आणि मराठी वर्गात तोच सर्वाधिक वेळ घेतो.

नामांच्या यादीतही असेच घडते. ‘फुले आणि फळांचा बाजार’ असे बोलले जाते, पण लेखनात ‘फुलांचा आणि फळांचा बाजार’ अशी दोन्हीकडे विभक्ती लावल्यास रचना समांतर राहते.

दुरुस्त परिच्छेद असा : ‘ऑगस्टमध्ये चार दिवस पाऊस थांबलाच नव्हता, त्यामुळे आमच्या गावात पूर आला. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या वर गेले आणि आमच्या गल्लीतही शिरले. बाबांनी म्हैस सोडल्यावर आम्ही काकांच्या घरी गेलो. तिथे लाईट नव्हती. पूर ओसरल्यावर आम्ही घरी आलो. सगळ्यांनी मिळून चिखल काढला, भांडी धुतली आणि धान्य वाळत घातले.’

‘तिथे लाईट नव्हती’ हे तीन शब्दांचे वाक्य मुद्दाम सुटे ठेवले आहे. ते पूर्ण आहे, आणि लांब वाक्यात दबून गेलेला अंधार आता वाचणाऱ्याला दिसतो.