मलेशिया आणि इंडोनेशियासाठी एकच प्रस्ताव पाठवताना
आमच्या निर्यातदार ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणारे बरेच ग्राहक सांगतात, "मलय भाषेत भाषांतर करून द्या, तेच इंडोनेशियालाही पाठवू." या सूचनेला आधार आहे. दोन्ही भाषांचे मूळ एकच आहे. लिपी रोमन आहे आणि १९७२ मध्ये दोन्ही देशांनी मिळून शुद्धलेखनही बरेचसे सारखे करून घेतले. एकीकडचा माणूस दुसरीकडचे वर्तमानपत्र वाचू शकतो. पण एका बाजूला इंग्रजांचे राज्य होते आणि दुसऱ्या बाजूला डचांचे. त्यामुळे कार्यालय, कर, कायदा आणि हिशेब यांची भाषा वेगवेगळी घडली, आणि व्यवसायाचा प्रस्ताव नेमका याच शब्दांवर उभा असतो.

उदाहरण म्हणून असे धरू की सांगलीतील एका पंप उत्पादकाला पामतेलाच्या गिरण्यांना पंप विकायचे आहेत. एक गिऱ्हाईक मलेशियातील जोहोरमध्ये आहे, तर दुसरे सामुद्रधुनीपलीकडे इंडोनेशियातील रिआउ प्रांतात. माल एकच, भावही जवळपास तोच.

पहिली अडचण शीर्षकातच येते. मलेशियात प्रस्तावाला 'कर्तास चादांगान' म्हणतात. इंडोनेशियात मात्र 'चादांगान' म्हणजे राखीव किंवा जादा ठेवलेले. सुट्या भागांनाही तिथे 'सुकू चादांग' म्हणतात. तेव्हा 'पंपाचा चादांगान' असे शीर्षक वाचून रिआउच्या खरेदी अधिकाऱ्याला वाटेल की हा जादा पंपाबद्दलचा कागद आहे. तिथे सरळ 'प्रोपोसाल' लिहावे, भाव कळवायचा असेल तर 'पेनावारान हार्गा'. मलेशियात भावपत्रकाला 'सबुत हार्गा' म्हणतात.

गिरणीचेही तसेच. मलेशियात कोणताही कारखाना 'किलांग' असतो. इंडोनेशियात 'किलांग' म्हटले की पहिल्यांदा खनिज तेलाचा शुद्धीकरण कारखाना डोळ्यांसमोर येतो. पामतेलाच्या गिरणीला तिथे 'पाब्रिक' म्हणतात. पंप कोणत्या कामासाठी आहे हेच वाचणाऱ्याला चुकीचे कळले, तर पुढच्या तांत्रिक पानांवरचा त्याचा विश्वास उडतो.

त्याहून जपावे लागते ते फुकट सेवेच्या ओळीला. 'पहिल्या वर्षी देखभाल मोफत' हे मलेशियात 'पर्चुमा' या शब्दाने सांगतात. इंडोनेशियन वाचकासाठी 'पर्चुमा' म्हणजे व्यर्थ, निरुपयोगी. तुम्ही देऊ केलेली सवलत त्याला 'निरुपयोगी देखभाल' अशी दिसेल. तिथे 'ग्रातिस' हाच शब्द हवा. उलट दिशेचा धोका 'तुमच्या गरजा' या मथळ्यात आहे. इंडोनेशियन मजकुरात 'कबुतुहान' हा अगदी सभ्य आणि रोजचा शब्द आहे, पण त्यातला 'बुतुह' मलेशियात शिवीच्या पातळीवरचा आहे. तो मोठ्या अक्षरांत छापलेला प्रस्ताव जोहोरच्या कार्यालयात कोणी मोठ्याने वाचू शकणार नाही. म्हणून या जागी आम्ही दोन्हीकडे चालणारा 'कपर्लुआन' हा शब्द वापरतो.

दरपत्रकात कराची ओळ असते. मलेशियात कोणताही कर 'चुकाय'. इंडोनेशियात 'चुकाय' म्हणजे तंबाखू आणि दारू यांसारख्या मालावरचे उत्पादन शुल्क, आणि सर्वसाधारण कर म्हणजे 'पाजाक'. हाच 'पाजाक' मलेशियात तारण किंवा भाडेपट्ट्याशी जोडलेला आहे. गहाणवट ठेवणाऱ्या दुकानाच्या पाटीवर तो दिसतो. शब्द शोधून बदलण्याच्या यांत्रिक पद्धतीने इथे निभाव लागत नाही, कारण दोन्ही शब्द दोन्ही भाषांत आहेत आणि संगणकाचा शुद्धलेखन तपासक दोन्हींना बरोबर म्हणतो.

आता आकडे. आमच्या मते सर्वांत महाग पडणारी चूक इथेच होते, कारण आकडे भाषांतराचे नाहीत असे समजून ते कोणी तपासतच नाही. मलेशियात हजारासाठी स्वल्पविराम आणि दशांशासाठी टिंब असते. इंडोनेशियात नेमके उलट. समजा पंपसंचाचे वजन साडेबाराशे किलो आहे. जोहोरसाठी ते १,२५० असे लिहायचे आणि रिआउसाठी १.२५० असे. रिआउचा तक्ता तसाच जोहोरला गेला, तर तिथे वजन सव्वा किलो दिसेल. ही चूक निदान हास्यास्पद असल्याने पकडली तरी जाते. पण ताशी १२.५ घनमीटर प्रवाहासारखा आकडा इंडोनेशियासाठी १२,५ असा न लिहिता तसाच राहिला, तर शंका येते आणि खुलाशाच्या पत्रव्यवहारात दिवस जातात. किंमत ४,७५,००,००० रुपिया अशी आपल्या लाख-कोटीच्या पद्धतीने कधीही लिहू नये. तिथे ती ४७.५००.००० अशी किंवा ४७,५ जुता अशी लिहितात. जुता म्हणजे दहा लाख.

भेटीची वेळ अक्षरांत लिहिण्यातही धोका आहे. साडेतीनला मलेशियात 'तिगा स्तंगाह' म्हणतात, म्हणजे तीन आणि अर्धा, आपल्यासारखेच. इंडोनेशियात डच वळणाने 'स्तंगाह अंपात' म्हणतात, चाराला अर्धा कमी. ते शब्दशः वाचणारा मराठी माणूस साडेचार समजून तासभर उशिरा फोन लावेल. वेळ आकड्यांत लिहा आणि सोबत शहराचे नाव द्या. जोहोर भारताच्या अडीच तास पुढे आहे, रिआउ दीड तास.

संबोधनाचा मायना दोन्हीकडे वेगळा आहे. इंडोनेशियात 'बापाक' किंवा 'इबू' लावून नाव लिहितात आणि 'दंगान होर्मात'ने पत्र सुरू करतात. मलेशियात 'तुआन' किंवा 'पुआन' चालते, पण गिऱ्हाइकाला दातुक किंवा तान श्री असा किताब असेल तर तो गाळणे हा सरळ अनादर ठरतो. नाव पाठवताना भेटपत्रावर जसे आहे तसेच आम्हाला पाठवा.

मलेशियातील खाजगी कंपन्यांत मोठा व्यवहार इंग्रजीत चालतो. म्हणून तिथल्या खाजगी गिऱ्हाइकाला आधी विचारा. इंग्रजी प्रस्ताव पुरत असेल तर मलय भाषांतराचा खर्च करू नका. सरकारी खरेदी असेल तर मलय लागेलच असे धरून चला. इंडोनेशियाची गोष्ट निराळी आहे. तिथल्या २००९ च्या २४ क्रमांकाच्या कायद्यानुसार इंडोनेशियन पक्ष असलेल्या करारात इंडोनेशियन भाषा वापरणे बंधनकारक आहे. केवळ इंग्रजीत केलेला एक कर्जकरार २०१३ मध्ये पश्चिम जकार्ताच्या न्यायालयाने याच कारणावरून रद्द ठरवला होता. प्रस्ताव म्हणजे करार नव्हे, पण तो अनेकदा कराराला जोडपत्र म्हणून लावला जातो. अशा वेळी मलय मजकूर इंडोनेशियन म्हणून चालत नाही. करारातील वादाच्या वेळी कोणती भाषा ग्राह्य धरायची, हे कलम वकिलाकडून लिहून घ्या. तो निर्णय आम्ही देत नाही.

आमची पद्धत अशी आहे. मलय मजकुरावरून इंडोनेशियन मजकूर आम्ही तयार करत नाही. तुमच्या मूळ मराठी किंवा इंग्रजी प्रस्तावावरून दोन स्वतंत्र भाषांतरे होतात आणि प्रत्येक भाषांतर त्या त्या देशातील वाचक पाहतो. दरपत्रक आणि तांत्रिक तक्ते वेगळ्या फाइलमध्ये द्या, म्हणजे आकडे दोनदा ताडून पाहता येतात. गिरणीचा प्रकार, सवलतींच्या अटी आणि प्रस्ताव पुढे कराराला जोडला जाणार आहे का, हे काम सुरू होण्याआधी कळवा. मसुदा हाती आल्यावर पहिल्यांदा आकड्यांची पाने तपासा. भाषा येत नसली तरी टिंब आणि स्वल्पविराम कुठे हवेत ते तुम्हाला आता ओळखता येईल.