झाकणाचा सॉकेट आणि शॉवरपासूनचे अंतर

‘आयपी ५५चा झाकणवाला सॉकेट घेतला, की तो शॉवरशेजारीही चालतो.’

असे सर्रास सांगतात. आयपी म्हणजे धूळ आणि पाणी आत शिरण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा; त्यातला दुसरा आकडा पाण्याचा असतो; ४ म्हणजे शिंतोडे, ५ म्हणजे पाण्याची धार. मात्र साध्या झाकणाच्या सॉकेटला हे संरक्षण झाकण बंद असतानाच मिळते आणि गिझरचा प्लग खोचला, की झाकण उघडेच राहते. म्हणून अंतर टेपने मोजावे. कोल्हापुरातल्या बहुतेक न्हाणीघरांप्रमाणे शॉवरखाली ट्रे नसेल, तर आंतरराष्ट्रीय नियमानुसार शॉवरच्या तोंडापासून आडवे १.२ मीटर, म्हणजे सुमारे चार फूट, सॉकेट किंवा स्विच नसावा. सात फूट लांबीच्या न्हाणीघरात शॉवर टोकाच्या भिंतीवर असेल, तर दाराकडचे जेमतेम तीन फूट उरतात. स्विच बाहेर घेणे मला अधिक बरे वाटते. विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी तरीही हवाच, आणि त्याचे टेस्ट बटण दाबल्यावर तो पडून वीज बंद झाली पाहिजे.