‘जेवलीस का?’ या प्रश्नामागची गोष्ट

‘जेवलीस का?’ हा प्रश्न चिनी, कोरियन, थाई, मलाय अशा कितीतरी भाषांमध्ये चक्क नमस्कारासारखा वापरतात. दुष्काळातून आला असणार असं बरेच जण छातीठोक सांगतात, पण इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी एकच प्रश्न रुजलाय तर त्याला एवढं एकच कारण मला तरी पुरेसं वाटत नाही.

अभ्यासकांनी या बोलण्याकडे नीट बघायला सुरुवात केली ती १९२३ च्या सुमारास. ब्रॉनिस्लॉ मालिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ पापुआ न्यू गिनीमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर राहून आलेला, त्याने लिहिलं की काही बोलणं माहिती द्यायला नसतंच, नुसतं एकमेकांशी जोडलेलं राहायला असतं, आणि अनोळखी माणूस गप्प बसला की लोकांना उलट भीती वाटते. म्हणजे विचारणाऱ्याला तुमच्या पोटाचा रिपोर्ट नकोच असतो.

पुढे साठच्या दशकापासून हार्वी सॅक्स आणि इमॅन्युएल शेग्लॉफ या समाजशास्त्रज्ञांनी टेपवर रेकॉर्ड केलेले खरे फोन कॉल ऐकून ऐकून तपासले, आणि मला खरी गंमत इथे वाटते. त्यांना दिसलं की फोनची सुरुवात ठरलेल्या पायऱ्यांनी होते, आधी हॅलो, मग कोण बोलतंय, मग नमस्कार, मग ‘कशी आहेस’ दोन्हीकडून, आणि मगच फोन कशासाठी केला ते, आणि तो विषय काढायचा पहिला मान साधारण फोन करणाऱ्याचा.

आता समजा मावशीचा फोन आला, ‘जेवलीस का गं?’ तिला मोबाईलवरचा फॉर्म भरता येत नाहीये हे तुम्हाला आधीच माहितीये, म्हणून तुम्ही लगेच ‘हां बोल, फॉर्मचं काय अडलंय?’ केलंत. मदतच करताय, पण तिचा प्रश्न तसाच लटकला आणि विषय काढायचा तिचा मानही गेला. मग ती म्हणते, ‘बिझी आहेस का, नंतर करू?’ हे ऐकू आलं की समजायचं पायरी चुकली. त्याऐवजी ‘हो, आत्ताच जेवले, तुझं झालं?’ आणि मग जरा थांबायचं, ‘अगं तो फॉर्म...’ ती आपणहून काढते. पाच-दहा सेकंद जातात फार तर.

आणि जेवण झालंच नसेल तर? सॅक्सने ‘कशी आहेस’बद्दल दाखवलं होतं की ‘बरी नाही’ म्हटलं की समोरच्याला ‘का, काय झालं?’ विचारावंच लागतं, म्हणून लोक सर्रास ‘बरी आहे’ सांगून मोकळे होतात. नुसतं ‘नाही’ म्हटलं तर इथेही तेच, मावशी फॉर्म विसरून तुमच्या जेवणाच्या मागे लागणार. खोटं बोलायची गरज नाही पण, ‘अजून नाही गं, आता बसतेच आहे, तू जेवलीस?’ एवढ्याने तिची काळजीही मिटते आणि बोलणं पुढे सरकतं.