तळ-परिणाम, छत-परिणाम आणि मापनत्रुटी

एखाद्या कार्यक्रमाने घडलेला खरा बदल मोजपट्टीच्या खालच्या टोकापलीकडे घडत असल्यामुळे गुणांत उतरत नाही, तेव्हा त्यास तळ-परिणाम म्हणतात; वरच्या टोकाशी तसेच घडल्यास तो छत-परिणाम होय. मापनत्रुटी म्हणजे खऱ्या पातळीत काहीही फरक न पडता गुणांत होणारा चढउतार. वैद्यक, मानसशास्त्र व शिक्षण या तिन्ही क्षेत्रांतील हस्तक्षेप-अभ्यासांत हे दोष आढळतात. येथे शालेय चाचण्यांच्या आधारे त्यांचा विचार केला आहे.

तळ-परिणामाचे बोलके उदाहरण दिल्लीतील आहे. तेथे माइंडस्पार्क या संगणकीय अध्यापन कार्यक्रमाचा यादृच्छिक अभ्यास कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग व अलेहांद्रो गानिमियन यांनी केला आणि तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील बहुतेक विद्यार्थी सहावी ते नववीच्या वर्गांतले होते, पण गणितात ते आपल्या इयत्तेच्या कित्येक वर्षे मागे होते. संशोधकांच्या स्वतंत्र चाचणीत खालच्या इयत्तांचेही प्रश्न होते आणि तीत साडेचार महिन्यांत गणितात 0.37 व हिंदीत 0.23 प्रमाण विचलनाइतकी वाढ दिसली; प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप. त्याच मुलांच्या शाळेतील, इयत्तेबरहुकूम घेतलेल्या गणिताच्या परीक्षेत मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. तिसरीच्या पातळीवरून चौथीच्या पातळीवर आलेल्या मुलाला आठवीची प्रश्नपत्रिका आधीही कोरी होती आणि नंतरही कोरीच राहिली. अभ्यासात केवळ शाळेची परीक्षा वापरली असती, तर गणितापुरता हा कार्यक्रम निष्फळ ठरला असता.

बहुपर्यायी चाचणीत हा तळ शून्यावर नसतो, त्यामुळे तो सहज नजरेतून सुटतो. प्रत्येकी चार पर्यायांचे 20 प्रश्न असतील, तर काहीच न येणाऱ्या मुलाला केवळ अंदाजाने सरासरी 5 गुण पडतात आणि नशिबानुसार ते 3 किंवा 7 होणेही नवलाचे नाही. याच मुलाला पुढे दोन प्रश्न खरोखर येऊ लागले, तर उरलेल्या 18 प्रश्नांवरील अंदाजाचे साडेचार धरून अपेक्षित गुण 6.5 होतात. दोन गुणांची प्रगती दीड गुणाची दिसते, आणि तीही अंदाजाच्या चढउतारात मिसळून जाते. म्हणून पूर्वचाचणीचे गुण अंदाजाच्या सरासरीभोवती दाटलेले असतील, तर शून्य गुण कोणालाच नाहीत या समाधानात अर्थ नसतो.

छत-परिणामासाठी ‘असर’ सर्वेक्षणाची वाचनपट्टी पाहण्यासारखी आहे. प्रारंभिक, अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा तिच्या पाच पायऱ्या आहेत. मुलांना पायाभूत वाचन येते का, हे घरोघरी चटकन पाहण्यासाठी ती उत्तम आहे. मात्र पाचवीच्या वर्गात वाचन-आकलनाच्या उपक्रमाचे मोजमाप तिने केले, तर आधीच गोष्ट वाचणाऱ्या मुलाची वाढ नोंदवायला पायरीच उरत नाही. यातून फसवा निष्कर्षही निघू शकतो. वर चढायला फक्त मागे असलेल्या मुलांनाच जागा असल्याने ‘उपक्रमाचा लाभ कच्च्या मुलांनाच झाला’ असे दिसते, जरी लाभ सर्वांना सारखाच झालेला असला तरी.

मापनत्रुटीचे वर्तन याहून वेगळे असते. समजा, एका चाचणीचे प्रमाण विचलन 10 गुण आहे आणि तिची विश्वसनीयता, म्हणजे गुणांतील एकूण तफावतीत खऱ्या तफावतीचा वाटा, 0.84 आहे. प्रमाण विचलनाला 1 वजा विश्वसनीयता याच्या वर्गमुळाने गुणले, की मापनाची प्रमाण त्रुटी मिळते. येथे ती 4 गुण येते. पूर्वचाचणी व उत्तरचाचणी या दोहोंतील त्रुटी एकत्र आल्याने फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे 5.7 होते, आणि 95 टक्के खात्रीसाठी एका मुलाचे गुण सुमारे 11 ने बदलावे लागतात. त्याहून लहान बदल खरा असू शकतो, पण त्या एका मुलाबाबत तसे ठामपणे म्हणता येत नाही. गटाच्या सरासरीत ही यादृच्छिक त्रुटी विरते: 200 मुलांच्या सरासरी फरकात तिचा वाटा 0.4 गुणांवर येतो. तळ आणि छत यांना हा उपाय लागू पडत नाही, कारण तेथे प्रत्येक मुलाची चूक एकाच दिशेची असते. नमुना दसपट केला, तरी सरासरी तेवढीच चुकते, फक्त अधिक आत्मविश्वासाने.

हे दोष ओळखण्यासाठी पूर्वचाचणीच्या गुणांचा आलेख प्रथम पाहावा. आरोग्यविषयक मापनांत 15 टक्क्यांहून अधिक व्यक्ती किमान किंवा कमाल गुणांवर असल्यास तो इशारा मानण्याचा प्रघात आहे. छताचा विचार करताना मात्र उत्तरचाचणीतील अपेक्षित वाढही धरावी लागते. अनेक इयत्तांचे प्रश्न एकाच चाचणीत घेणे, किंवा उत्तरांनुसार पुढचा प्रश्न निवडणारी चाचणी वापरणे, हे मुख्य उपाय आहेत. प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी व मुलाची क्षमता एकाच मापावर मांडणाऱ्या प्रश्न-प्रतिसाद सिद्धांताने वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांचे गुण, त्यांत काही प्रश्न समान असल्यास, एकाच पट्टीवर आणता येतात. परंतु ज्या पातळीचे प्रश्न मुलांना विचारलेच गेले नाहीत, त्या पातळीवरील बदल कोणत्याही सांख्यिकी रीतीने मागाहून काढता येत नाही.