रोखसूट सोडण्याचा वार्षिक खर्च

उधारीवर घेतलेल्या मालाचे पैसे ठरल्या मुदतीआधी चुकते केले, तर विक्रेता बिलातले काही टक्के सोडतो. ही रोखसूट. बाजारात तिला कॅश डिस्काउंट किंवा नुसते ‘सीडी’ म्हणतात. खरेदीदाराने ती न घेता पूर्ण मुदत वापरली, तर गमावलेली सूट हे त्या वाढीव दिवसांचे व्याजच असते. हे व्याज वर्षाच्या दरात मांडले की रोखसूट सोडण्याचा वार्षिक खर्च मिळतो. याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘२/१० नेट ३०’ ही अट. दहा दिवसांत पैसे दिले तर दोन टक्के सूट, नाहीतर तीस दिवसांत पूर्ण रक्कम. ही सूट सोडण्याचा वार्षिक दर ३७.२४ टक्के येतो.

महाराष्ट्रात खाजगी व्याजाचा दर ‘शेकडा दोन’, ‘शेकडा तीन’ असा महिन्यावर बोलला जातो. त्या भाषेत सांगायचे तर वीस दिवसांना दोन टक्के म्हणजे महिन्याला शेकडा तीन. सावकाराकडे शेकडा तीनने पैसे उचलायला जो दुकानदार दहा वेळा विचार करील, तोच सूट सोडून त्याच दराचे कर्ज सहज घेऊन बसतो, कारण या व्यवहारात ‘व्याज’ हा शब्द कुठेच येत नाही.

ही पद्धत रुजली ती अमेरिकेच्या घाऊक व्यापारात. तिथल्या यादवी युद्धापूर्वी (१८६१-६५) सहा महिन्यांची किंवा त्याहून लांब उधारी सर्रास चाले. युद्धानंतर मुदती आखडल्या आणि लवकर पैसे देणाऱ्याला सूट देण्याची रीत पसरली. विक्रेता इतका महाग दर का लावतो, याचे एक उत्तर अर्थतज्ज्ञ जेनेट स्मिथ यांनी १९८७ मध्ये मांडले. ज्याला बँकेतून स्वस्त पैसे मिळतात तो सूट घेतोच. जो घेत नाही, त्याची अडचण पहिल्या दहा दिवसांतच विक्रेत्याच्या लक्षात येते. सूट ही अशी ग्राहकाची नाडी पाहण्याची सोय आहे. म्हणूनच नेहमी सूट घेणारा ग्राहक एकाएकी ती सोडू लागला की अनुभवी विक्रेता सावध होतो.

गणित

हिशेबाला दोनच आकडे लागतात. पहिला म्हणजे व्याजाचा दर. १०० रुपयांच्या बिलावर दहाव्या दिवशी ९८ रुपये देणे लागते. ते त्या दिवशी दिले नाहीत, म्हणजे ९८ रुपये वापरायला घेतले आणि त्यासाठी २ रुपये जास्त दिले. म्हणून भागायचे ९८ ने, शंभराने नव्हे. उत्तर येते २.०४ टक्के. दुसरा आकडा दिवसांचा. पहिले दहा दिवस दोन्ही वाटांवर फुकट आहेत, सूट घेणाऱ्यालाही ते मिळतातच. विकत घेतले जातात ते पुढचे वीस. वर्षात असे वीस दिवसांचे १८.२५ तुकडे पडतात.

```
वार्षिक दर = (२ ÷ ९८) × (३६५ ÷ २०) = ३७.२४ %
```

दर तुकड्याचे व्याज पुढच्या तुकड्यात मुद्दल होते असे धरून चक्रवाढीने काढले तर हाच दर ४४.५९ टक्के होतो. पाठ्यपुस्तकांत दोन्ही आकडे दिसतात. रोजच्या निर्णयाला सरळव्याजाचा पुरेसा आहे.

इथे एक शंका नेहमी निघते: एक लाखाचे बिल एकच, नुकसान दोन हजारांचे, मग सदतीस टक्के आले कुठून? याचे उत्तर वर्षभराचा हिशेब मांडला की मिळते. समजा दर महिन्याला एक लाखाचे एक बिल येते आणि दर वेळी सूट सोडली जाते. वर्षात २४,००० रुपये गेले. त्याबदल्यात काय मिळाले? दर महिन्याला ९८,००० रुपये वीस दिवसांसाठी हाती राहिले, बाकीचे दिवस नाही. वर्षाची सरासरी काढली तर हाती राहिलेली रक्कम फक्त ६४,४३८ रुपये. म्हणजे चौसष्ट हजारांच्या कर्जावर वर्षाला चोवीस हजार व्याज. भागाकार करा, ३७.२४ टक्केच येतात. एकट्या बिलावर तोटा दोन हजारांचाच असतो, पण प्रत्येक बिलाला ती सवय लागली की हा दर खराखुरा मोजावा लागतो.

तुलना कशाशी करायची

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे दोन टक्क्यांची बँकेच्या दराशी थेट तुलना. ‘बँक अकरा टक्के घेते, सूट दोनच टक्के, मग बँकेतून काढून कशाला द्यायचे?’ हा युक्तिवाद चांगल्या चालत्या कारखान्यांतही ऐकू येतो. त्यात अकरा टक्के वर्षाचे आहेत आणि दोन टक्के वीस दिवसांचे.

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतले एक मशीन शॉप कल्पू. त्याने एक लाखाचे पोलाद घेतले, बिलाची तारीख ५ जून. सूट हवी तर १५ जूनपर्यंत ९८,००० द्यायचे, नाहीतर ५ जुलैला पूर्ण लाख. १५ जूनला खात्यात पैसे नाहीत, पण बँकेची ११ टक्के दराची कॅश क्रेडिट म्हणजे सीसी मर्यादा थोडी शिल्लक आहे. सीसी खात्यावर व्याज रोजच्या शिलकेवर लागते, त्यामुळे ९८,००० रुपये वीस दिवस वापरल्याचे व्याज ५९१ रुपये होते. सूट २,००० ची. निव्वळ १,४०९ रुपये वाचले.

सीसी पूर्ण भरलेली असेल तर प्रश्न बदलतो. मग तुलना दहाव्या दिवशी प्रत्यक्षात जिथून पैसे उभे राहू शकतात त्या दराशी करावी लागते. खाजगीतून शेकडा दोनने, म्हणजे वर्षाला २४ टक्क्यांनी पैसे मिळत असतील तरी सूट घेणे परवडते. शेकडा तीनला दोन्ही जवळपास बरोबरीत येतात. आणि पैसे कुठूनच उभे राहत नसतील, किंवा उरलेली मर्यादा कामगारांच्या पगारासाठी राखायची असेल, तर सूट सोडण्यात चूक काही नाही. ते महाग कर्ज आहे हे माहीत असून ते घेतलेले असते.

खरा दिवस कोणता

३७.२४ हा आकडा तिसाव्या दिवशी पैसे देणाऱ्याचा आहे. दिवस बदलला की दर बदलतो. सूट हुकल्यावर घाईने पंधराव्या दिवशी पैसे देणारा दोन टक्के गमावून पाचच दिवस मिळवतो, त्याचा दर १४९ टक्के होतो. बाराव्या दिवशी देणाऱ्याचा ३७२. म्हणून दहावा दिवस चुकला, तर तिसाव्यापर्यंत थांबणेच शहाणपणाचे. तसेच सूट घ्यायची तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी देण्यातही काही मिळत नाही, दहाव्यालाच द्यावेत.

उलट दिशेला, मुदत ओलांडून पैसे लांबवणाऱ्याचा दर उतरतो. पंचेचाळिसाव्या दिवशी तो २१.२८ टक्के, साठाव्या दिवशी १४.९. साधारण ७८ व्या दिवशी तो बँकेच्या ११ टक्क्यांना येऊन भिडतो. अनेक हिशेबनीस इथेच थांबून लांबवणे स्वस्त असल्याचा निष्कर्ष काढतात, पण त्यात विक्रेत्याची नाराजी धरलेली नसते. पुढच्या तुटवड्यात माल आधी कोणाला जाईल, भाव कोणाला चढे लागतील, हे सूत्रात येत नाही.

भारतात तर कायदाच आड येतो. विक्रेता सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे जात नाही. ठरलेली मुदत उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. बँक रेट ६ टक्के धरला तर हे १८ टक्के झाले, आणि हे व्याज आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात घातलेल्या ४३बी(एच) कलमाने त्यात भर घातली: मुदतीबाहेर थकलेली रक्कम प्रत्यक्ष दिली जाईल त्याच वर्षी खर्चात धरता येते. मार्चअखेरीस अशी बिले अंगावर असली की करही वाढतो. साठाव्या दिवसाचे १४.९ टक्के त्यामुळे कागदावरच उरतात.

जीएसटी

वरच्या उदाहरणात कर धरला नव्हता. पोलादावर १८ टक्के जीएसटी धरला तर बिल १,१८,००० चे होते. सूट मूळ किमतीवरच असेल आणि विक्रेता ती करात फेरफार न करता नुसत्या आर्थिक क्रेडिट नोटने, म्हणजे येणे तेवढे कमी केल्याच्या चिठ्ठीने, देत असेल, तर दहाव्या दिवशी १,१६,००० द्यावे लागतात. म्हणजे २,००० वाचवायला १,१६,००० उभे करायचे. दर ३१.४७ टक्क्यांवर येतो. सूट करासह एकूण रकमेवर असेल तर तो पुन्हा ३७.२४ होतो. ऑर्डर देतानाच हे लिहून घ्यावे, आणि दहा दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे की माल पोचल्यापासून, हेही. ट्रक चार दिवस रस्त्यात असला, तर दहाचे सहाच उरतात.

सूट कुठे हुकते

पैशाअभावी सूट हुकते त्याहून जास्त ती कागदामुळे हुकते, असे माझे मत आहे. माल गेटवर उतरतो, तपासणीला जातो, जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद निघते, बिल खरेदी विभागातून सहीसाठी फिरते आणि लेखा विभागाच्या टेबलावर येते तेव्हा बारावा दिवस असतो. हे ओळखण्याची खूण सोपी आहे: सीसीमध्ये जागा शिल्लक आहे, सूट देणारे विक्रेतेही आहेत, आणि वर्षअखेरीस ‘सूट मिळाली’ हे खाते जवळजवळ रिकामे आहे.

हे लपून राहते ते खरेदी पूर्ण रकमेने नोंदवल्यामुळे. लाखाचे बिल लाखाला नोंदले की सोडलेले दोन हजार पोलादाच्या किमतीत मिसळून जातात. निव्वळ पद्धतीत खरेदी ९८,००० ला नोंदतात, आणि सूट हुकली तर २,००० ‘हुकलेली सूट’ या वेगळ्या खात्याला, व्याजखर्चाच्या शेजारी जातात. त्या खात्याची बेरीज महिन्याच्या महिन्याला मालकापुढे येते.