सूची-२ मधला ‘बाजारभाव’ आणि पारावरचा भाव

वावराची खरेदी झाली की सूची-२ चा, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याचा, कागद हातात येतो. त्यावर ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन रकाने एकाखाली एक असतात. आमच्या काकांनी चार एकर जिरायत वावर एकरी पाच लाखांनी घेतलं, आकडा खरा लिहिला आणि घरी येऊन चष्मा लावून कागद वाचला. मोबदला २० लाख, बाजारभाव १० लाख ४० हजार. "म्हणजे मी दुप्पट पैसे देऊन फसलो काय रे?" काका रात्रभर झोपले नाहीत.

काका फसले नव्हते. त्या रकान्यातला बाजारभाव म्हणजे पारावर बोलला जातो तो भाव नव्हे. तो सरकारच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातून, म्हणजे आपण ज्याला रेडी रेकनर म्हणतो त्यातून, गणित करून काढलेला आकडा असतो. सौद्यात काय ठरलं हे त्या गणिताला माहीतच नसतं.

हे गणित सातबाऱ्यावरून होतं. काकांच्या सातबाऱ्यावर क्षेत्र १.६० हेक्टर आणि आकार, म्हणजे शेतसारा, ४ रुपये ८० पैसे. आकाराला क्षेत्रानं भागलं की हेक्टरी ३ रुपये आकारणी निघते. तक्त्यात प्रत्येक गावाचे आकारणीनुसार गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाला हेक्टरी एक दर असतो. काकांच्या गटाचा दर साडेसहा लाख होता, म्हणून १.६० गुणिले साडेसहा लाख, म्हणजे १० लाख ४० हजार. सातबाऱ्यावर विहीर किंवा संत्र्याचा बगीचा असता तर बागायतीचा चढा दर लागला असता. महामार्गाला लागून असलेल्या जमिनींनाही बहुधा वेगळा दर असतो.

आता गंमत बघा. आकारणी ठरली जुन्या जमाबंदीत, त्या काळच्या जमिनीच्या कसावरून. त्यानंतर वावराजवळून डांबरी रस्ता गेला, कालवा आला, शेजारी जिनिंग उभी राहिली, तरी आकारणी तीच. तक्ता दरवर्षी १ एप्रिलला लागू होतो, पण २०२३ आणि २०२४ मध्ये सरकारनं दर वाढवलेच नव्हते. पारावरचा भाव मात्र रस्त्याची नुसती बातमी आली तरी चढतो. दोन्ही आकडे जुळले तर तो योगायोगच म्हणायचा.

मुद्रांक शुल्क या दोन आकड्यांपैकी जो मोठा असेल त्यावर लागतं. ग्रामपंचायत हद्दीसाठी जिल्हा परिषदेच्या अधिभारासह ५ टक्के धरू. हद्द बदलली की दरही बदलतो. काकांचा मोबदला मोठा होता, म्हणून २० लाखांवर १ लाख रुपये. शिवाय नोंदणी फी १ टक्का, म्हणजे २० हजार. ही फी ३० हजारांच्या वर जात नाही.

उलटही होतं. खारपाणपट्ट्यातलं, वाट नसलेलं तेवढंच वावर सात लाखांतही कोणी घेत नाही. पण दर हेक्टरी साडेसहा लाखांचा असेल, तर सात लाखांच्या सौद्यालाही शुल्क १० लाख ४० हजारांवरच, म्हणजे ५२ हजार. मूल्य जास्त लावलं असं वाटलं तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयाचा, म्हणजे शुल्क ठरवून घेण्याचा, अर्ज करता येतो. पण पंधरा-वीस हजारांच्या फरकासाठी तालुका सोडून जिल्ह्याला खेटे घालणारा कास्तकार मी तरी पाहिला नाही.

मग बरेच जण तिसरी वाट धरतात: सौदा २० लाखांचा, दस्तात लिहायचे बरोबर १० लाख ४० हजार, बाकी रोख. शुल्क आणि फी मिळून ५७ हजार ६०० वाचतात. पण इसारापासून पुढे जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. आणि सौदा फिसकटून कोर्टात गेला तर वरचे ९ लाख ६० हजार दिल्याचा कागदच नसतो.

खरा फटका गावाला बसतो, तोही उशिरा. कालवा किंवा रस्त्यासाठी जमीन गेली की २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मोबदल्याचा पाया असा ठरतो: मागच्या तीन वर्षांत परिसरात झालेल्या तशाच जमिनींच्या खरेद्या काढायच्या, त्यातल्या चढ्या भावाच्या निम्म्या घ्यायच्या आणि त्यांची सरासरी काढायची. ती तक्त्यातल्या दरापेक्षा जास्त असेल तर ती धरायची, नाहीतर तक्त्यातला दर. सगळ्या गावानं दस्तात तक्त्याचाच आकडा लिहिला असेल, तर सरासरी तक्त्याच्या वर जाणार कशी? पारावर एकरी पाच लाख होते, हे तिथं कोणी ऐकून घेत नाही.

म्हणून आता काका कोणाचीही सूची-२ दिसली की आधी ते दोन रकाने बघतात. आकडे रुपयाला रुपया जुळले की म्हणतात, "हा भाव सौद्याचा नाही, तक्त्याचा आहे."