नसेची गोळी आणि मंदावलेला श्वास

रुग्णाच्या औषधांची कॅरीबॅग टेबलावर उलटी केली की निम्मं निदान तिथेच होतं. मी भूलतज्ज्ञ. नाशिकमध्ये बरीच वर्षं माणसांना झोपवायचं आणि झोपेत त्यांचा श्वास मोजत बसायचं, हे माझं काम. त्यामुळे रात्री-अपरात्री अतिदक्षता विभागातून फोन येतो तो बहुधा श्वासासाठीच. खाली ज्यांची गोष्ट सांगतोय ते तात्या म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. गेल्या काही वर्षांत पाहिलेल्या अनेकांचा मिळून हा एक चेहरा केलाय.

तात्या निफाडकडचे, वय ६६, वजन ५६ किलो. उभा जन्म द्राक्षाच्या छाटणीत आणि क्रेट उचलण्यात गेलेला. कंबर गेली होती आणि जुन्या शुगरमुळे रात्री तळपायांची आग व्हायची. पहाटे मुलगा त्यांना घेऊन आला तेव्हा म्हणाला, "डॉक्टर, तात्या झोपलेच होते हो. मोठ्याने घोरत होते, म्हणून आम्ही म्हटलं आज तरी चांगली झोप लागली."

मी घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर छातीकडे पाहिलं. सहा श्वास. जागेपणी स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. ओठ निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. हाक मारली, हलवलं, तेव्हा डोळे किलकिले झाले आणि पुन्हा मिटले.

कॅरीबॅगेत ट्रामाडॉल होतं. हे अफूवर्गीय वेदनाशामक औषध. कंबरेसाठी ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा. दुसऱ्या पाकिटावर प्रीगाबालिन ७५, सकाळ-संध्याकाळ. आणि तळाशी एक तिसरं पाकीट, ज्याला घरात सगळे "व्हिटॅमिनची गोळी" म्हणत. त्यात मिथाईलकोबालामिन, म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व, होतंच, पण सोबत आणखी ७५ मिलिग्रॅम प्रीगाबालिन. ते दुसऱ्या डॉक्टरांनी पायाच्या आगीसाठी रात्री घ्यायला लिहिलेलं. आपल्याकडे प्रीगाबालिन आणि त्याचा थोरला भाऊ गॅबापेन्टिन, दोघांनाही बोलताना "नसेची गोळी" म्हणतात. अनेक ब्रँडमध्ये ही औषधं जीवनसत्त्वाच्या पदराआड येतात, त्यामुळे ती ताकदीची गोळी वाटते.

ही दोन्ही औषधं मुळात फिटांसाठी शोधली गेली. गॅबापेन्टिनला अमेरिकेत १९९३ साली मान्यता मिळाली, प्रीगाबालिनला २००४ साली. मेंदूतल्या गाबा या रसायनाची नक्कल म्हणून ती घडवली गेली, नावही त्यावरूनच पडलं, पण गंमत अशी की गाबाच्या जागांवर ती बसतच नाहीत. ती चिकटतात मज्जातंतूंच्या टोकाशी असलेल्या कॅल्शियमच्या दारांच्या एका भागाला. दारातून कॅल्शियम कमी शिरतं, तंतू पुढच्या तंतूला निरोप कमी पाठवतो. शुगरने बिघडलेल्या नसा उगाच आरडाओरडा करत असतात, तो त्यामुळे शांत होतो. योग्य रुग्णाला याने खरंच झोप लागते, हे मी रोज पाहतो. औषध वाईट आहे असं माझं म्हणणं नाही.

तरीही या गोळीचा गैरवापर वाढत गेला. तो का? अमेरिकेत आणि युरोपात अफूवर्गीय औषधांनी माणसं मरायला लागली, तेव्हा डॉक्टरांचा हात साहजिकच या "सुरक्षित" पर्यायाकडे वळला. कंबरदुखी असो, मानदुखी असो, लिहा नसेची गोळी. जिथे फायद्याचा पुरावा तोकडा होता, तिथेही ती लिहिली गेली. घरोघरी पाकिटं साठली. ज्यांना अफूवर्गीय नशेची सवय होती त्यांना लवकरच कळलं की ही गोळी सोबत घेतली की तेवढ्याच मालात गुंगी जास्त येते, आणि माल मिळाला नाही तर अंगदुखी नि तगमग जरा सुसह्य होते. शिवाय ती स्वस्त आहे आणि लघवीच्या नेहमीच्या नशा-तपासणीत दिसत नाही. ब्रिटनने एप्रिल २०१९मध्ये दोन्ही औषधं नियंत्रित पदार्थांच्या यादीत घातली. भारतात ट्रामाडॉल २०१८पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. प्रीगाबालिन मात्र त्यानंतरही बरीच वर्षं शेड्यूल एचमध्येच राहिलं, म्हणजे चिठ्ठीवरचं साधं औषध. एक दार अरुंद झालं की गर्दी शेजारच्या दाराकडे जाते. पंजाबच्या काही जिल्ह्यांत प्रशासनाला ७५ मिलिग्रॅमवरच्या प्रीगाबालिनच्या विक्रीवर निर्बंध आणावे लागले, ते त्यातूनच. नाशिकच्या गोळे कॉलनीत औषधांचा ठोक धंदा करणारा माझा मित्र म्हणतो, "ट्रामाडॉलचं रजिस्टर आम्ही डोळ्यांत तेल घालून लिहितो. नसेच्या गोळीला कोण विचारतो?"

तात्या नशेबाज नव्हते. पण महिन्यापासून ते रात्री एकाऐवजी दोन ट्रामाडॉल घेत होते आणि प्रीगाबालिनची एखादी जास्तीची. मुलाला ते म्हणाले होते, "त्याने अंग हलकं होतं रे." गैरवापर म्हटलं की आपल्याला पुलाखाली बसलेली पोरं दिसतात. पण उतार असाही सुरू होतो, घरात, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून.

आता श्वासाकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे. झोपेत श्वास चालू ठेवणारी यंत्रणा मेंदूच्या देठात असते. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू लागला की ती छातीला टोचणी लावते, घे श्वास. अफूवर्गीय औषध ही टोचणी बोथट करतं. वायू साचत जातो, पण देठाला घाई वाटत नाही. त्यात नसेच्या गोळीने गुंगी वाढते, घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे पडते. साचलेला कार्बन डायऑक्साइड स्वतःच गुंगी आणतो, म्हणजे फास आपोआप आवळत जातो. घरच्यांना ऐकू येतं ते फक्त घोरणं.

नियमित अफूवर्गीय औषध घेणाऱ्याला एक ढाल मिळते. शरीर सरावतं आणि पहिल्या दिवशी जो डोस श्वास दडपून टाकेल तोच महिन्यानंतर पचतो. ब्रिस्टलच्या संशोधकांनी २०१७मध्ये उंदरांवर जे दाखवलं ते म्हणूनच अस्वस्थ करणारं आहे. मॉर्फिनला सरावलेल्या उंदरांना त्यांनी प्रीगाबालिन दिलं, तेही इतकं कमी की एरवी त्याने श्वासावर काही परिणाम होत नव्हता. तरी सराव नाहीसा झाला आणि मॉर्फिनने श्वास पुन्हा दडपला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पण "काल एवढंच घेतलं होतं, तेव्हा काही झालं नाही" असं नातेवाईक सांगतात, तेव्हा मला ते उंदीर आठवतात. कालची मात्रा तीच, ढाल मात्र गेलेली.

आतड्यातही यांची छुपी भागीदारी चालते. गॅबापेन्टिन आतड्यातून रक्तात नेणाऱ्या वाहकांची संख्या मर्यादित असते. डोस वाढवला की वाहक अपुरे पडतात आणि बरंचसं औषध तसंच पुढे निघून जातं. ही एक नैसर्गिक आडकाठीच. पण अफूवर्गीय औषध आतड्याची चाल मंदावतं, औषध वाहकांजवळ रेंगाळतं. निरोगी लोकांना ६० मिलिग्रॅम मॉर्फिन देऊन दोन तासांनी ६०० मिलिग्रॅम गॅबापेन्टिन दिलं, तेव्हा रक्तात पोहोचलेलं गॅबापेन्टिन ४४ टक्क्यांनी वाढलं होतं. प्रीगाबालिनला तर ही आडकाठीच नाही. ते जवळजवळ सगळं आणि लवकर शोषलं जातं, म्हणून नशेसाठी त्याला जास्त मागणी.

माणसांमधला पुरावा कॅनडातल्या ओंटारियोचा. तिथे अफूवर्गीय औषधं घेणाऱ्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जोडीला गॅबापेन्टिन असलेल्यांत अफूवर्गीय औषधाशी संबंधित मृत्यूची शक्यता ४९ टक्क्यांनी जास्त निघाली, प्रीगाबालिन असलेल्यांत ६८ टक्क्यांनी. हे नोंदींवरचं गणित आहे. दोन्ही औषधं ज्यांना मिळतात ते मुळातच जास्त आजारी असू शकतात आणि तो फरक आकडेमोडीने पूर्ण पुसता येत नाही. पण डोस वाढला तसा धोकाही वाढलेला दिसला, म्हणून हे हसण्यावारी नेता येत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०१९मध्ये इशारा दिला, तेव्हा त्यांच्यासमोर श्वास मंदावल्याच्या ४९ नोंदी होत्या, १२ जण दगावलेले. दगावलेल्या प्रत्येकात काही ना काही जोखीम होती: सोबत गुंगीचं औषध, फुप्फुसाचा आजार किंवा वय. निरोगी तरुणाने डॉक्टरांनी दिलेल्या मात्रेत एकटं प्रीगाबालिन घेतलं तर श्वास सहसा थांबत नाही.

तात्यांच्या रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा कचरा, २.० आलं. वय आणि वजन धरून हिशेब केला तर मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे २९ मिलिलीटर, म्हणजे निरोगी माणसाच्या पाव. प्रीगाबालिन यकृतात मोडत नाही, ते जवळजवळ जसंच्या तसं लघवीतून जातं. त्यामुळे या टप्प्यावर डोसही पाव करायचा असतो. जास्तीची गोळी सोडून नुसत्या चिठ्ठ्यांप्रमाणे धरलं तरी तात्या दिवसाला २२५ घेत होते. त्यांच्या मूत्रपिंडांना ते धडधाकट माणसाच्या ९०० मिलिग्रॅमसारखं, आणि धडधाकटालाही कमाल मर्यादा ६०० आहे. निम्मं औषध बाहेर पडायला एरवी सहा तास लागतात, त्यांना लागणार होता जवळपास पूर्ण दिवस. ट्रामाडॉलचा शरीरात तयार होणारा जास्त जोरकस अंशही मूत्रपिंडांतूनच जातो. म्हणजे दोन्हीकडून पाणी तुंबलेलं.

घरी बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ८८ होतं. आमच्याकडे ऑक्सिजन लावल्यावर ९७ झालं आणि सगळ्यांना हायसं वाटलं. इथे लोक फसतात, कधी कधी आमची मंडळीही. ते यंत्र ऑक्सिजन मोजतं, साचलेला कार्बन डायऑक्साइड नाही. धमनीतलं रक्त तपासलं तर कार्बन डायऑक्साइडचा दाब ७४ निघाला. तो असायला हवा ३५ ते ४५.

नॅलोक्सोन शिरेतून थोडं थोडं दिलं. ते अफूवर्गीय औषधाला त्याच्या जागेवरून हुसकतं. श्वास सहावरून अकरावर आला, बाहुल्या जरा मोठ्या झाल्या. पण तात्या जागे झाले नाहीत, कारण प्रीगाबालिनवर नॅलोक्सोनचा काही इलाज चालत नाही, त्याला उतारा असा नाहीच. मग घट्ट मास्क लावून यंत्राने श्वासाला टेकू दिला आणि मूत्रपिंडांची वाट पाहत बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी चहा मागितला.

मुलाने विचारलं, "आम्हाला घरी कळायला हवं होतं का?" कळतं, पण सांगितलेलं असेल तर. या दोन औषधांची जोडी घेणारा माणूस नेहमीपेक्षा वेगळं, खोल, गुरगुरतं घोरत असेल तर त्याला झोपू द्यायचं नाही, नाव घेऊन हलवायचं. नीट उठून धड उत्तर दिलं नाही, किंवा मिनिटभर मोजून श्वास दहाच्या आत भरले, तर कुशीवर वळवून १०८ला फोन. काळ्यासावळ्या माणसाचा निळेपणा चेहऱ्यावर दिसत नाही, ओठाची आतली बाजू आणि नखं पाहायची. आणि घाबरून प्रीगाबालिन एका दिवसात बंदही करायचं नाही. सवय झालेल्या शरीरात ते झटकन तुटलं तर घाम, तगमग, क्वचित फिटही येते. उतरवायचं ते टप्प्याटप्प्याने.

तात्यांचं ट्रामाडॉल गेलं, व्हिटॅमिनवालं पाकीटही गेलं. प्रीगाबालिन काही आठवड्यांत उतरवत रात्री २५ मिलिग्रॅमवर आणलं. पुढच्या भेटीला काकू सोबत आल्या, पदराच्या टोकाला बांधलेला कागद सोडून माझ्यापुढे ठेवला. त्यावर रोज रात्री साडेदहाचे श्वास लिहिलेले होते. १४, १५, १४, १६. एका ओळीत नुसती रेघ होती. "त्या रात्री मलाच आधी झोप लागली," त्या म्हणाल्या.